विश्लेषण : पाणी आले, पण जाणार कुठून? कालव्याखालच्या जमिनी क्षारपड का होतात?

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. १८७६-७८ च्या दुष्काळाने होरपळलेल्या भागात या पाण्याने ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे पेटली. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच, १९१० मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. तम्हाणे यांना याच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अहवाल लिहावा लागला. पुढे १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या पद्धती पिकाला आणि जमिनीला मानवतील अशा करण्यासाठी एक विशेष कक्ष काढला. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्याच कक्षातून वाढले. म्हणजे दख्खनच्या काळ्या मातीत कालव्याचे पाणी सोडले की काही वर्षांत काय होते, हे सरकारदरबारी शंभरहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तरीही नीरा, प्रवरा, गोदावरी आणि कृष्णा या खोऱ्यांत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. त्यात किनाऱ्यावरच्या खाजण जमिनी आहेत, तशा कालव्याखाली आणि उपसा योजनांखाली बिघडलेल्या जमिनीही आहेत.

मीठ येते कुठून?

कालव्याचे पाणी गोडे असते, मग जमीन खारट कशी होते, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. गोड्या पाण्यातही विरघळलेले क्षार असतात. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी पिकासाठी चांगलेच मानले जाते. उसाला वर्षभरात साधारण दोन मीटर उंचीचे पाणी दिले, तर एकरी सुमारे ८० लाख लिटर पाणी झाले. त्यातून एका एकरात वर्षाला जवळपास २,४०० किलो क्षार येतात. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवते, पण क्षार मागे राहतात. पिकाने उचललेले क्षार या हिशेबात फार थोडे भरतात. ते बाहेर जाण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पाण्याबरोबर मुळांच्या खाली आणि तिथून पुढे नाल्याला.

याशिवाय बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या मातीत आणि मुरुमात मुळातच क्षार असतात. कोरडवाहू काळात ते खोलवर पडून होते. भूजल वर आले की ते त्यात विरघळतात आणि पाण्यासोबत वर येतात. त्यामुळे जमीन क्षारपड होण्याची गोष्ट खाऱ्या पाण्यापासून नव्हे, तर वर येणाऱ्या पाण्यापासून सुरू होते.

पाण्याची पातळी इतक्या लवकर कशी चढते?

काळ्या भारी मातीत चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म असतात. ती भरपूर पाणी धरते, पण त्यातले निथळून जाऊ शकेल असे पाणी फार थोडे असते. अशा मातीत निथळण्याजोग्या पोकळ्या साधारण ३ ते ५ टक्केच असतात. ४ टक्के धरल्या, तर मुळांच्या खाली उतरलेले ४० मिलिमीटर जादा पाणी भूजलाला एक मीटर वर उचलते. पाटाने दिलेली एक पाळी ७५ ते १०० मिलिमीटरची असते. त्यातला निम्मा भाग वाया गेला, तरी पातळी एका पाळीत मीटरभर चढू शकते. थोडे पाणी आजूबाजूला सरकते, पण वर्षाला अनेक पाळ्या पडतात आणि कालवा, पोटचारी, शेतचारी यांतूनही पाणी झिरपत असते.

भूजल जमिनीपासून दीड-दोन मीटरच्या आत आले की खरा बिघाड सुरू होतो. दिव्याची वात तेल ओढते तसे मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढते. पृष्ठभागावर ते उडून जाते आणि सोबत आणलेले क्षार तिथेच सोडते. फेब्रुवारी ते मे या काळात बांधावर, सरीच्या वरंब्यावर पांढरी खपली दिसते, ती अशी तयार होते. पावसाळ्यात ती विरघळून खाली जाते, शेतकऱ्याला जमीन सुधारल्यासारखी वाटते, आणि उन्हाळ्यात ती पुन्हा वर येते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जिची जमीन बिघडते, तिच्याच मालकाने पाणी जास्त दिलेले असते असे नाही. वरच्या अंगाची जमीन हलकी, मुरमाड असते. तिथे दिलेले पाणी लगेच खाली उतरते, मुरुमाच्या थरातून उताराने सरकते आणि नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत वर येते. वरचा ऊस चांगला असतो आणि खालचे रान चिबड होते. म्हणूनच हा प्रश्न एकेका शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाचा म्हणून मांडला, की तो सुटत नाही.

क्षारयुक्त आणि चोपण यांत फरक काय?

बोलीभाषेत सगळ्याच बिघडलेल्या जमिनीला क्षारपड म्हणतात. पण उपाय ठरवताना तीन प्रकार वेगळे करावे लागतात. पाणी साचून राहते पण क्षार अजून कमी आहेत, ती पाणथळ किंवा चिबड जमीन. जिच्यात विद्राव्य क्षार वाढले आहेत, ती क्षारयुक्त जमीन. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रतिमीटरच्या वर गेली की तिला हे नाव मिळते. आणि जिच्यात मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण वाढले आहे, ती चोपण जमीन. यासाठी १५ टक्क्यांची मर्यादा पुस्तकात असते आणि सामू साधारण साडेआठच्या वर जातो. मात्र काळ्या मातीत १५ टक्के गाठण्याच्या बऱ्याच आधी निचरा मंदावलेला असतो.

क्षारयुक्त जमीन चोपण होते ती अशी. पाण्यातील बायकार्बोनेटमुळे कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसते. उरलेल्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढतो आणि तो मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा घेतो. कॅल्शियम कणांना धरून ठेवतो, सोडियम त्यांना सुटे करतो. सुटे झालेले कण पोकळ्या बुजवतात, पाणी मुरणे थांबते. अशी जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की दगडासारखी असते.

शेतावरच करता येणारी एक ओळख आहे. वाळलेले हरभऱ्याएवढे ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडावे आणि न हलवता काही तास ठेवावे. ढेकूळ विरघळून भोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर सोडियमचा संशय घ्यावा. पाणी स्वच्छ राहिले, तरी क्षार नाहीत असे समजू नये. क्षार भरपूर असताना कण एकत्र राहतात. म्हणून पेल्याच्या चाचणीनंतर माती परीक्षण टाळता येत नाही. नमुनाही फक्त वरच्या थराचा घेऊन चालत नाही. ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे तीन थरांचे नमुने वेगळे द्यावे लागतात.

आणखी एक खूण उसातच दिसते. ऊस क्षारांना फारसा सोसणारा नाही. वाहकता १.७ च्या पुढे गेली की उत्पादन घटू लागते आणि त्यापुढे प्रत्येक एका अंकामागे सुमारे ६ टक्के घट येते, असे पिकांच्या क्षारसहनशीलतेचे प्रचलित कोष्टक सांगते. म्हणजे वाहकता ४ झाल्यावर, कागदावर जमीन क्षारयुक्त ठरते त्या दिवशी, शेतकऱ्याने सातवा हिस्सा ऊस आधीच गमावलेला असतो. तोपर्यंत खत वाढवणे, पाणी वाढवणे, जात बदलणे असे उपाय करून झालेले असतात. त्यातले पाणी वाढवणे सर्वांत घातक ठरते.

आधी निचरा की आधी जिप्सम?

चोपण जमिनीवर जिप्सम टाकावे, हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट आहे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला हुसकावतो. हुसकावलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात विरघळतो. ते पाणी मुळांच्या खाली उतरून शेताबाहेर गेले, तरच काम पूर्ण होते. भूजल तीन फुटांवर असेल तर सोडियम तिथेच थांबतो आणि उन्हाळ्यात परत वर येतो. निचऱ्याविना टाकलेले जिप्सम म्हणजे पुन्हा पुन्हा करावा लागणारा खर्च.

जिप्समची मात्रा शेजाऱ्याचे पाहून ठरवता येत नाही. समजा, मातीची कण धरण्याची क्षमता, म्हणजे धनभार विनिमय क्षमता, १०० ग्रॅमला ५० मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि सोडियमचा वाटा २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायचा आहे. म्हणजे १०० ग्रॅममागे ५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायचा. एका एककासाठी वरच्या १५ सेंटिमीटर थरात एकरी पाऊण टनाहून थोडे जास्त जिप्सम लागते. या हिशेबाने एकरी जवळपास ४ टन होतात. दोन-चार पोती विस्कटून जमीन सुधारत का नाही, ते यावरून कळते. प्रत्यक्षात प्रयोगशाळेने काढलेल्या गरजेच्या साधारण निम्मी मात्रा आधी देऊन पुन्हा परीक्षण करण्याची पद्धत आहे. जिप्सम वरच्या थरात मिसळून नंतर पाणी द्यायचे असते. ते शेणखतात मिसळून दिले आणि धैंचा वाढवून फुलोऱ्यापूर्वी गाडला, तर चुनखडीतील कॅल्शियमही मोकळा होण्यास मदत होते.

भूमिगत निचरा कसा बसवतात?

सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींसाठी भूमिगत निचऱ्याचे बरेच काम तिथे झाले आहे. पद्धत अशी : सुमारे ८० मिलिमीटर व्यासाचे, वळ्यावळ्यांचे, बारीक छिद्रांचे पीव्हीसी पाइप जमिनीत ठरावीक अंतरावर पुरायचे. छिद्रांतून माती आत येऊ नये म्हणून त्यांवर कृत्रिम धाग्याचे गाळण कापड गुंडाळलेले असते. या पाइपांतील पाणी एका मोठ्या संकलन पाइपात येते आणि तिथून नाल्यात जाते.

सहा एकरांचे, १२० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद, सपाट रान उदाहरणादाखल घेतले तर हिशेब स्पष्ट होतो. पाइपांमध्ये २५ मीटर अंतर ठेवले, तर १२० मीटर लांबीच्या आठ ओळी, म्हणजे सुमारे ९६० मीटर पाइप लागतो. पाणी वाहण्यासाठी दर १०० मीटरला २० सेंटिमीटर उतार द्यायचा. ओळीच्या वरच्या टोकाला पाइप एक मीटर खोल असेल, तर खालच्या टोकाला तो १ मीटर २४ सेंटिमीटरवर येतो. तिथे त्याखाली संकलन पाइप सुरू होतो. २०० मीटरमध्ये त्याला आणखी २० सेंटिमीटर उतार दिला, की तोंड सुमारे दीड मीटर खोलीवर उघडते. तोंड पाण्यात बुडू नये, म्हणून नाल्याचा तळ त्याहूनही फूटभर खाली हवा. म्हणजे शेजारून जाणारा नाला जमिनीपासून किमान पावणेदोन-दोन मीटर खोल नसेल, तर संपूर्ण योजना कागदावरच राहते. तिथे मग विहिरीसारखा खड्डा घेऊन पाणी पंपाने उचलावे लागते, आणि विजेचे बिल कोण भरणार हा प्रश्न उभा राहतो.

म्हणून काम नाल्यापासून सुरू करून वरच्या दिशेने जायचे असते. उतार डोळ्यांनी नव्हे, तर लेव्हल लावून पाहायचा असतो. एखाद्या ठिकाणी पाइप खाली दबला, की तिथे गाळ साचतो आणि त्यावरच्या सगळ्या ओळीचे काम थांबते. चर पावसाळ्यात खणले तर कडा ढासळतात आणि गाळण कापड चिखलाने लिंपले जाते. त्यामुळे ऊस तुटल्यानंतरचा उन्हाळा हाच योग्य काळ.

निचरा सुरू झाला का, हे पाइपाच्या तोंडाशी कळते. या सहा एकरांतून दिवसाला २ मिलिमीटर पाणी निथळले, तर सुमारे ४८ हजार लिटर पाणी बाहेर पडते. त्यात लिटरला ५ ग्रॅम क्षार असतील, तर रोज २४० किलो क्षार शेत सोडून जातात. वाहकता मोजण्याच्या छोट्या मीटरने दर महिन्याला या पाण्याची नोंद ठेवली, की आकडा उतरताना दिसतो. क्षार धुण्यासाठी ढोबळ ठोकताळा असा की जेवढ्या खोलीची माती धुवायची, तेवढ्याच उंचीचे पाणी तिच्यातून पार झाले पाहिजे. मग सुमारे ८० टक्के विद्राव्य क्षार निघतात. काळ्या मातीत पाणी सावकाश उतरते, म्हणून हे काम पावसाळ्याच्या दोन-तीन हंगामांत होते. सोडियमचा भाग त्याहून जास्त वेळ घेतो.

ज्यांना पाइपाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मोल निचरा आहे. ट्रॅक्टरमागे बंदुकीच्या गोळीसारखे लोखंडी टोक जोडून भारी मातीत अर्ध्या मीटरच्या आसपास खोलीवर पोकळ बोगदे ओढतात. पाइप नसल्याने तो स्वस्त पडतो, पण बोगदे काही वर्षांत ढासळतात आणि पुन्हा ओढावे लागतात. वाळूमिश्रित किंवा सहज सुटणाऱ्या चोपण मातीत ते टिकत नाहीत. वरचे साचलेले पाणी काढायला ही पद्धत उपयोगी आहे. खोलवरचे भूजल उतरवण्याचे काम तिच्याकडून होत नाही.

एकट्याने का जमत नाही?

पाण्याला सातबारा कळत नाही. मधल्या एका शेतकऱ्याने संकलन पाइप आपल्या रानातून जाऊ दिला नाही, तर वरच्या दहा जणांचा निचरा अडतो. एकट्याने पाइप घातला, तर शेजारच्या शेताचे पाणीही त्यालाच वाहून न्यावे लागते. शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने गावोगावी शेतकऱ्यांना एकत्र करून सामूहिक निचऱ्याची कामे झाली, त्याचे महत्त्व इथे आहे. तिथे सर्वेक्षण, मुख्य वाहिनी आणि कर्जाची व्यवस्था ही कामे एकेका खातेदाराकडे न राहता सामूहिक झाली.

या मार्गालाही मर्यादा आहेत. शेतातून निघालेले क्षार नाल्यातून नदीत जातात आणि खालच्या गावांच्या उपशात येतात. हजारो एकरांचा निचरा उन्हाळ्यात, नदीचा प्रवाह कमी असताना वाहू लागला, तर पाण्याची प्रत तपासत राहणे अपरिहार्य होते. २०१९ आणि २०२१ सारखे महापूर आले की पाइपांची तोंडे आठवडाभर बुडतात आणि गाळाने भरतात. पूर ओसरल्यावर ती साफ करण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले नसेल, तर लाखोंचे काम एका पुरात निकामी होते.

ठिबक हा पर्याय आहे का?

ठिबकने जादा पाणी मुरणे कमी होते, त्यामुळे चांगली जमीन बिघडण्यापासून वाचते. पण आधीच बिघडलेल्या, वर आलेल्या भूजलाच्या जमिनीत ठिबक क्षार बाहेर काढत नाही. ओल्या भागाच्या कडेला ढकलतो. पहिल्या वळवाच्या सरीने तेच क्षार मुळांशी परततात. निचरा आणि ठिबक हे एकमेकांचे पर्याय नाहीत. निचरा जुने देणे फेडतो, ठिबक नवे होऊ देत नाही. पाइप घालून झाल्यावर पुन्हा मोकाट पाणी सुरू ठेवले, तर निचरा फक्त पाणी आणि त्यातले नत्र नाल्यात पोहोचवण्याचे काम करतो.

सरकारने काय करायला हवे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर गट पद्धत आणली. तिचे सूत्र असे होते की पाणी ठरावीक गटांनाच मिळावे आणि त्या गटातही उसाची फेरपालट व्हावी. पुढे मागणी आणि राजकारण यांच्या रेट्यात बारमाही उसाचे क्षेत्र पसरत गेले आणि सूत्र मागे पडले. आजही सिंचन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरण, कालवा, वितरिका यांचे आकडे ठळक असतात. निचऱ्याच्या चऱ्या आणि नाल्यांची खोली शेवटी येते किंवा येतच नाही.

यात तीन गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक लाभक्षेत्रात निरीक्षण नळ्या बसवून मे आणि ऑक्टोबरमध्ये भूजलपातळी मोजावी आणि ती गावात जाहीर करावी. दोन मीटर लांबीची छिद्रांची नळी आणि मोजपट्टी एवढेच साधन लागते. पातळी दोन मीटरच्या आत आलेल्या गावांत इशारा वेळेत मिळतो. दुसरी, मुख्य नाले खोल करणे आणि साफ ठेवणे हे सार्वजनिक काम मानावे. शेतातला पाइप शेतकरी घालू शकतो, चार गावांतून जाणारा नाला तो खणू शकत नाही. तिसरी, कालव्याचे पाणी क्षेत्रावर नव्हे, तर मोजून द्यावे. एकरावर ठरलेल्या पट्टीत दोन पाळ्या जास्त घेतल्या तरी बिल तेच राहते, पण त्याचा भुर्दंड खालच्या अंगाचा शेतकरी आपल्या जमिनीतून भरतो.

पंचवीस वर्षांत बिघडलेली जमीन तीन-चार वर्षांत परत मिळते, हे कृष्णाकाठी दिसले आहे. मात्र ती परत मिळवण्याचा खर्च आज शेतकऱ्याच्या नावावर पडतो, आणि ती बिघडवणाऱ्या पाण्याच्या नियोजनाचा हिशेब कोणाच्याच नावावर नाही. नव्या उपसा योजनांचे पाणी आता सांगली, सोलापूर, सातारा जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात पोहोचले आहे. तिथल्या विहिरींची पातळी चढते आहे म्हणून गावे आनंदात आहेत, आणि ते रास्त आहे. पण तिथल्या खोलगट काळ्या रानात भूजल किती मीटरवर आले आहे, हे मोजायला सुरुवात करण्याची वेळही हीच आहे.